स्वतःच्या गरजेसाठी भाडेकरूस नोटीस: काय लिहावे आणि गरज कशी सिद्ध करावी

प्रश्न: पुण्यात पेठेत आमचा जुना वाडा आहे. तळमजल्यावरच्या दोन खोल्या १९८६ पासून भाड्याने आहेत, भाडे महिना १४० रुपये. मूळ भाडेकरू वारले, आता त्यांची पत्नी आणि मुलगा राहतात. वरच्या मजल्यावर चार खोल्यांत आम्ही सात माणसे आहोत: आईवडील, मी, पत्नी, दोन मुले आणि विधवा आत्या. वडील ७८ वर्षांचे आहेत, त्यांना जिना चढवत नाही. धाकटा भाऊ लग्नानंतर जागा नाही म्हणून बाहेर भाड्याने राहतो. एका वकिलांनी ‘तीस दिवसांत जागा खाली करा, अन्यथा दावा लावू’ अशी छापील नोटीस करून दिली आहे. ती पाठवावी का? ‘प्रामाणिक गरज’ म्हणजे कोर्टाला नेमके काय दाखवावे लागते?

उत्तर:

ती छापील नोटीस पाठवू नका. ती बेकायदेशीर आहे असे नाही. अडचण अशी की पुढे दाव्यात उभे राहाल तेव्हा तिचा तुम्हाला काडीचा उपयोग होणार नाही, आणि तिच्यातले एखादे वाक्य मात्र तुमच्याविरुद्ध वाचून दाखवले जाईल.

पहिली गोष्ट कायद्याची. तुमच्या भाडेकरूला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चे संरक्षण आहे. हा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि त्याने जुन्या मुंबई भाडे कायद्याची जागा घेतली. या कायद्याखाली नोटिशीने भाडेपट्टा संपवला म्हणून भाडेकरूला जागा सोडावी लागत नाही. कलम १६ मध्ये सांगितलेल्या कारणांपैकी एखादे कारण न्यायालयात सिद्ध झाले आणि हुकूमनामा झाला, तरच कब्जा मिळतो. त्यामुळे ‘तीस दिवसांत खाली करा’ ही मुदत तशी पोकळ असते. एकतिसाव्या दिवशी काहीच घडत नाही आणि भाडेकरूच्या वकिलाला ते पक्के ठाऊक असते. इतकेच काय, व्ही. धनपाल चेट्टियार प्रकरणात १९७९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने सांगून ठेवले आहे की, राज्याच्या भाडे कायद्याखाली कब्जा मागण्यासाठी मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १०६ ची, म्हणजे भाडेपट्टा संपवणारी, नोटीस देणे आवश्यक नाही. थकीत भाड्याचे कारण वेगळे. तिथे कलम १५ प्रमाणे मागणीची लेखी नोटीस द्यावीच लागते आणि ती पोहोचल्यावर नव्वद दिवस थांबावे लागते. तुमचे कारण मात्र कलम १६(१) मधल्या स्वतःच्या गरजेच्या खंडाचे आहे, ज्याला आम्ही कोर्टात इंग्रजी अक्षरावरून सर्रास ‘सोळा एक जी’ म्हणतो, आणि त्याला अशी अट नाही.

मग नोटीस द्यायचीच कशाला, असा प्रश्न पडेल. मी जवळजवळ प्रत्येक प्रकरणात ती देतो, पण वेगळ्या हेतूने. नोटीस म्हणजे तुमच्या गरजेचे पहिले लेखी, तारखेसह नोंदलेले कथन असते. दावा चार-पाच वर्षे किंवा त्याहून अधिक चालतो. साक्ष देताना तुम्ही जे सांगाल ते अगदी पहिल्या दिवसापासून तसेच सांगत आला आहात, हे दाखवणारा कागद म्हणजे ती नोटीस. आणि ती तुमच्या वकिलाने तुमच्या सूचनेवरून दिलेली असल्याने तिच्यातले प्रत्येक विधान तुमचेच समजले जाते. छापील नोटिशीचा खरा धोका इथे आहे. तिच्यात बहुधा ‘माझ्या अशिलास सदर जागेची स्वतःच्या वापराकरिता तसेच विकसनाकरिता नितांत गरज आहे’ असे एक वाक्य असते, कारण नमुना तयार करणाऱ्याने सगळी कारणे एकाच दोरीत ओवलेली असतात. तुमच्या मसुद्यात ‘विकसन’, ‘नूतनीकरण’ किंवा ‘विक्री’ यांपैकी एखादा शब्द आहे का, ते आधी बघा. स्वतः राहण्यासाठी जागा हवी आणि वाडा पाडून नवी इमारत बांधायची आहे, ही कायद्याच्या दृष्टीने दोन निरनिराळी कारणे आहेत. दुसऱ्यासाठी त्याच कलमात वेगळे पोटकलम आहे, त्याच्या अटीही वेगळ्या आहेत. दोन्ही एकत्र मांडली की स्वतःच्या गरजेवर पहिला संशय तुम्हीच निर्माण करता. पेठेतल्या वाड्याच्या बाबतीत तर भाडेकरूचा पहिला बचाव ठरलेलाच असतो: ‘यांना राहायचे नाही, बिल्डरला द्यायचे आहे.’ बिल्डरशी बोलणी चालू असतील तर मला आताच सांगा असे मी अशिलाला पहिल्या भेटीतच बजावतो, कारण तशी बोलणी असताना हा दावा लावणे मला योग्यही वाटत नाही आणि शहाणपणाचेही वाटत नाही.

आता ‘प्रामाणिक गरज’. कायद्याचे शब्द असे आहेत की, जागा मालकाला स्वतः राहण्यासाठी ‘वाजवी व प्रामाणिकपणे आवश्यक’ असली पाहिजे. म्हणजे नुसती इच्छा पुरत नाही, आणि दुसऱ्या टोकाला, मालक रस्त्यावर आला पाहिजे असेही नाही. शिव सरूप गुप्ता या १९९९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जी कसोटी सांगितली तिचा आशय असा की, न्यायाधीशाने स्वतःला मालकाच्या जागी ठेवून पाहावे आणि विचारावे: ही गरज नैसर्गिक, खरी आणि मनापासूनची आहे, की जागा काढून घेण्यासाठी पुढे केलेले हे निमित्त आहे? एकदा ती खरी ठरली की मालकाने कसे राहावे, कोणती खोली कोणाला द्यावी, हे भाडेकरूने ठरवायचे नसते. ‘म्हाताऱ्यांनी वरच राहावे, खाली उतरायचे काय कारण’ हा युक्तिवाद म्हणून टिकत नाही. शिवाय ‘स्वतःसाठी’ या शब्दांत तुमच्यावर अवलंबून असलेले किंवा तुमच्यासोबत राहणे स्वाभाविक असलेले कुटुंबीय येतात. वडिलांच्या नावावरील वाड्यात धाकट्या मुलाला राहायला खोली हवी, ही वडिलांचीच गरज धरली जाते.

इथे तुमच्या प्रकरणात एक बारीक गोष्ट आहे. दावा कोणाच्या नावाने लावायचा? मालमत्ता पत्रक काढून बघा. वाडा एकट्या वडिलांच्या नावे असेल तर वादी वडीलच. काका किंवा आत्या सहहिस्सेदार असतील, तर एक सहमालकही कब्जाचा दावा लावू शकतो आणि इतरांना वादी करणे सक्तीचे नाही. पण एखाद्या सहमालकाचा विरोध असेल तर तो आधी मिटवा, कारण भाडेकरू त्यालाच साक्षीला आणतो. पूर्वी माझ्यासमोर असे घडले आहे की पुतण्याने दावा लावला आणि काकांनी भाडेकरूच्या बाजूने शपथपत्र दिले, केवळ घरातल्या वाटणीच्या रागापोटी.

नोटीस पाठवण्याआधी मी अशिलाला एक काम सांगतो: वाड्याचा हातकागद काढायचा. वरच्या चार खोल्यांची मापे फुटांत लिहायची, कोण कुठे झोपते ते लिहायचे, स्वयंपाकघर आणि संडास कुठे आहेत ते दाखवायचे. तुमच्या बाबतीत तो कागद साधारण असा निघेल असे धरू. एक खोली स्वयंपाकाची, दहा बाय आठ. पुढची बारा बाय दहा, तिथे आईवडील. मागची दहा बाय दहा, तिथे तुम्ही उभयता आणि धाकटे मूल. चौथी, आठ बाय नऊ, तिथे आत्या आणि मोठे मूल. म्हणजे झोपण्यासाठी तीन खोल्या आणि माणसे सात; भाऊ आणि वहिनी परत आली तर नऊ. संडास तळमजल्यावर अंगणात असेल, तर ७८ वर्षांच्या माणसाला रात्री लाकडी जिना उतरून जावे लागते, हे कोर्टाला सांगायला वेगळ्या अलंकाराची गरज उरत नाही. हा कागद म्हणजे तुमच्या खटल्याचा कणा आहे. नोटीस, वादपत्र आणि सरतपासणीचे, म्हणजे तुमच्या स्वतःच्या साक्षीचे, शपथपत्र या तिन्हींत हीच मापे आणि हीच माणसे आली पाहिजेत. भाडेकरूने मापांवर वाद घातला तर कोर्ट कमिशनर नेमून जागेची पाहणी मागता येते, आणि कमिशनरचा नकाशा तुमच्या हातकागदाशी जुळला की त्या मुद्द्यावर बोलायला फारसे काही राहत नाही.

वडिलांच्या गुडघ्यांसाठी ‘वृद्धापकाळाने जिना चढवत नाही’ एवढे लिहून भागत नाही. अस्थिरोगतज्ज्ञाचे जुने केसपेपर, क्षकिरण तपासणीचा अहवाल, शस्त्रक्रिया सुचवली असल्यास तो कागद, हे सगळे नोटिशीच्या तारखेच्या आधीचे असावे. नोटिशीनंतर आठ दिवसांनी काढलेले एकमेव प्रमाणपत्र उलटतपासणीत फार वाईट दिसते. भावाच्या बाबतीत सर्वांत बोलका पुरावा त्याचा नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्सचा करार आणि दरमहा भाडे गेल्याच्या बँकेतल्या नोंदी आहेत. स्वतःचा वाडा असताना माणूस दरमहा पदरचे पैसे देऊन दुसरीकडे राहतो, याहून खरेपणाचा पुरावा शोधून सापडणार नाही.

आता जी चूक मी सर्वाधिक वेळा पाहिली तिच्याकडे वळतो. मालक आपल्याकडची दुसरी जागा लपवतो. माझ्याकडे अपिलाच्या टप्प्यावर आलेले एक प्रकरण होते. मालकाने मुलासाठी तळमजल्यावरची खोली मागितली होती आणि वादपत्रात ‘वादीस अन्य कोणतीही जागा उपलब्ध नाही’ असे ठोकळ वाक्य होते. उलटतपासणीत भाडेकरूच्या वकिलांनी आवाज न चढवता तीन प्रश्न विचारले. वाड्याच्या मागच्या बाजूला एक खोली आहे, हे खरे का? हो. ती दावा लावण्याच्या चार महिने आधी रिकामी झाली, हे खरे का? हो. त्यानंतर ती आपण एका विद्यार्थ्यास लिव्ह अँड लायसन्सने दिली, आणि हा त्याचा नोंदणीकृत करार, यावर आपली सही आहे, हे खरे का? हो. चौथा प्रश्न विचारलाच नाही. गंमत अशी की ती खोली खरोखर मुलाच्या कुटुंबाला पुरण्यासारखी नव्हती. सात फूट रुंद, एकच खिडकी, आत नळ नाही. वादपत्रात तिचा उल्लेख करून ती का चालत नाही हे चार ओळींत लिहिले असते तर तो मुद्दा निघालाच नसता. कायदा मालकाला एकमेव जागाच मागायला लावत नाही. दुसरी जागा ‘वाजवी’ पर्याय आहे का एवढेच बघितले जाते. लपवलेली जागा मात्र, ती कितीही अपुरी असली, तरी गरजेच्या प्रामाणिकपणावरच डाग पाडते. त्यामुळे तुमच्या कुटुंबाच्या कोणाच्याही नावे उपनगरात सदनिका असेल, गावी घर असेल, वाड्यातच एखादी खोली बंद असेल, तर ती सगळी नोटिशीत उघडपणे लिहा आणि प्रत्येकीसमोर ती का उपयोगाची नाही याचे कारण द्या. नोटीस देण्याच्या सुमारास कोणतीही रिकामी जागा नव्याने भाड्याने देऊ नका.

दुसरा टप्पा बहुतेक घरमालकांना ठाऊकच नसतो. गरज सिद्ध झाली तरी काम संपत नाही. कलम १६ च्या पोटकलम (२) मध्ये असे आहे की, सर्व परिस्थिती, विशेषतः मालकाला किंवा भाडेकरूला दुसरी वाजवी जागा उपलब्ध आहे का, हे बघून हुकूमनामा दिल्याने होणारे हाल तो नाकारल्याने होणाऱ्या हालांपेक्षा अधिक आहेत असे न्यायालयाचे समाधान झाले, तर हुकूमनामा देता येत नाही. कोर्टाच्या बोलीत याला तौलनिक त्रासाचा मुद्दा म्हणतात, आणि त्यावर स्वतंत्र मुद्दा काढला जातो. हा मुद्दा वादपत्रातच मांडा. तुमच्या बाजूचे हाल लिहा आणि भाडेकरूच्या परिस्थितीबद्दल जे ठाऊक आहे तेही लिहा. भाडेकरू विधवा आहेत, तेव्हा सहानुभूती स्वाभाविकपणे त्यांच्या बाजूला जाईल. पण जागा सोडावी लागणे हा त्रास प्रत्येक भाडेकरूला होतोच. त्याच्या पलीकडे जाऊन, त्यांनी दुसरी जागा शोधली का, त्यांच्या मिळकतीत मिळण्यासारखी जागा आसपास नाही का, मुलाच्या नावे काही घर आहे का, हे न्यायालय विचारते. मुलाने सदनिका घेतल्याची कुणकुण असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयातून तिची सूची क्रमांक दोन, म्हणजे खरेदी नोंदल्याचा उतारा, काढा. ऐकीव माहितीवर ‘त्यांची तीन घरे आहेत’ असे लिहिणे मात्र टाळा. सिद्ध करता आले नाही की तुमच्या उरलेल्या कथनाचाही भाव घसरतो.

याच पोटकलमात आणखी एक वाक्य आहे ते दुधारी आहे. जागेच्या एका भागापुरता हुकूमनामा दिल्याने कोणालाच त्रास होणार नसेल, तर न्यायालयाने तेवढ्याच भागाचा द्यावा असे कायदा सांगतो. दोन खोल्यांपैकी एकीनेच तुमचे भागेल का, याचे उत्तर आजच ठरवून ठेवा. तुमच्या बाबतीत मला वाटते भागत नाही, कारण एक खोली आईवडिलांना आणि दुसरी भाऊ-वहिनींना लागेल. पण हे नोटिशीत नाव घेऊन लिहिलेले असावे. फक्त ‘वडिलांना खाली यायचे आहे’ असे लिहिलेत, तर एकच खोली मिळण्याचा रस्ता तुम्हीच दाखवून दिल्यासारखे होईल. शिवाय दोन खोल्यांच्या मध्ये एकच मोरी आणि एकच नळ असेल तर एकत्र नांदणे कसे अशक्य आहे तेही लिहावे लागेल.

एवढे सांगितल्यावर नोटिशीचा गाभा कसा असावा हे प्रत्यक्ष दाखवतो. नोटीस मूळ भाडेकरूच्या नावाने काढू नका. ते वारले आहेत. त्यांची पत्नी आणि मुलगा या दोघांच्या नावाने काढा, वेगळे राहणारे इतर वारस असतील तर त्यांनाही प्रती द्या. जागेचे वर्णन, मापे, चतुःसीमा आणि भाडे लिहिल्यावर मधला परिच्छेद साधारण असा:

‘माझे अशील वय वर्षे ७८, त्यांची पत्नी, थोरला मुलगा, सून, दोन नातवंडे आणि विधवा बहीण असे सात जण सदर मिळकतीच्या पहिल्या मजल्यावरील चार खोल्यांत राहतात. त्यांपैकी एक खोली स्वयंपाकासाठी वापरली जाते. माझ्या अशिलांना दोन्ही गुडघ्यांचा विकार असून त्यांना जिना चढणे-उतरणे वैद्यकीयदृष्ट्या वर्ज्य सांगितले आहे, व संडास तळमजल्यावर आहे. अशिलांचा धाकटा मुलगा विवाहानंतर केवळ जागेअभावी पत्नीसह अन्यत्र मोबदला देऊन राहतो व त्यास कुटुंबात परत यावयाचे आहे. तुमच्या ताब्यातील पूर्वेकडील खोली अशील व त्यांच्या पत्नीच्या, व पश्चिमेकडील खोली धाकट्या मुलाच्या कुटुंबाच्या राहण्यासाठी आवश्यक आहे. माझ्या अशिलांची वा त्यांच्या कुटुंबीयांची अन्यत्र राहण्यायोग्य जागा नाही.’

शेवटचे वाक्य खरे असेल तरच ठेवा. नसेल तर त्याच्या जागी त्या जागेचे वर्णन आणि ती न चालण्याचे कारण येईल. मुदत साठ किंवा नव्वद दिवसांची दिलीत तरी बिघडत नाही. उलट, वाजवी मुदत दिल्याने तुमचा सूर समजुतीचा दिसतो. पाणी तोडू, दिवे काढू, अशी धमकीची भाषा एका शब्दानेही नको. तशी कृती केलीत तर जीवनावश्यक सोय बंद केल्याबद्दल याच कायद्याखाली तुमच्यावर उलट अर्ज होतो आणि तो तुमच्या दाव्याच्या आधी चालतो. नोटीस पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा, पोचपावत्या व डाकघराच्या पावत्या जपा. ‘घेण्यास नकार’ असा शेरा येऊन लिफाफा परत आला तर तो फोडू नका. तसाच बंद न्यायालयात द्यायचा असतो.

नोटिशीनंतर भाडे घ्यावे का, याची अनेकांना भीती वाटते. घ्या, आणि पावती द्या. घेतल्याने तुमचा हक्क जात नाही, आणि भाडे नाकारून भाडेकरूला थकबाकीदार ठरवण्याचा डाव तर सहसा मनीऑर्डरच्या परत आलेल्या पावत्यांवरच फसतो. नोटिशीला उत्तर आले तर ते वकिलाकडे देण्याआधी स्वतः शांतपणे दोनदा वाचा. भाडेकरू त्यात आपला सगळा बचाव सहसा उघड करतो. तुमची कोणती जागा त्याला ठाऊक आहे, वाड्याबद्दल त्याने काय ऐकले आहे, हे तिथेच कळते, आणि वादपत्रात त्या प्रत्येक गोष्टीचे उत्तर आधीच देता येते.

दावा पुण्यात लघुवाद न्यायालयात लावायचा. ज्या ठिकाणी असे न्यायालय नाही तिथे तो दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर यांच्याकडे चालतो. त्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपील, आणि पुढे दुसरे अपील नाही. उच्च न्यायालयात रिव्हिजनचा, म्हणजे फेरतपासणीचा, मार्ग राहतो. एवढ्या वर्षांत माणसे बदलतात, हे धरूनच लिहावे लागते. वडिलांची गरज आणि भावाची गरज वादपत्रात वेगळ्या परिच्छेदांत, एकमेकींवर न टेकता मांडा. उद्या, देव न करो, वडील राहिले नाहीत, तर त्यांच्या गुडघ्यांवर उभा असलेला भाग जाईल, पण भावाचा भाग राहील. गरज मुख्यतः दावा दाखल केल्याच्या तारखेला बघितली जाते आणि नुसत्या विलंबाचा फायदा भाडेकरूला मिळू नये असे सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे. पण नंतर घडलेल्या घटनेने गरज पूर्णच संपली तर न्यायालय ती घटना लक्षात घेते. भावाने मध्येच स्वतःची सदनिका घेतली तर लपवू नका, वकिलाला त्याच आठवड्यात सांगा. वादपत्र दुरुस्त करून घेता येते. भाडेकरूने निकालाच्या आदल्या महिन्यात सूची क्रमांक दोन आणून दाखवली, तर मात्र ते सावरणे कठीण जाते.

कब्जा मिळाल्यावरही एक बंधन राहते. कलम १७ प्रमाणे, या कारणावर घेतलेली जागा कब्जा मिळाल्यापासून एक महिन्यात तुम्ही वापरात घेतली नाही, किंवा एका वर्षाच्या आत मूळ भाडेकरूखेरीज दुसऱ्याला भाड्याने दिली, तर मूळ भाडेकरू तेरा महिन्यांच्या आत अर्ज करून जागा परत मागू शकतो, आणि वाजवी सबबीशिवाय तसे करणाऱ्या मालकाला शिक्षेचीही तरतूद आहे. तेव्हा ‘आधी खोल्या दुरुस्त करू, मग सावकाश जाऊ’ असे म्हणण्यात महिना निघून जातो. आईवडिलांचे अंथरूण आधी खाली हलवा, रंगकाम नंतर करा, आणि हलवल्याचे छायाचित्र व वीजबिल ठेवून द्या.

दावा चालू असतानाच भाडेकरू तडजोडीला तयार झाले, आणि अशा प्रकरणांत पुष्कळदा होतात, तर एक सावधगिरी बाळगा. या कायद्याखाली केवळ ‘उभयतांनी समझोता केला, सबब कब्जा द्यावा’ एवढ्यावर हुकूमनामा नीट उभा राहत नाही, कारण कलम १६ मधले कारण असल्याशिवाय कब्जा देण्याचा अधिकारच न्यायालयाला नसतो. सर्वोच्च न्यायालयाने जुन्या मुंबई कायद्याखालीच हे सांगितले आहे, आणि त्याच वेळी हेही, की भाडेकरूने कारण मान्य केलेले अभिलेखावर दिसत असेल तर समझोत्याचा हुकूमनामा वैध असतो. म्हणून तडजोडपत्रात पहिल्याच कलमात ‘वादीस दाव्याच्या जागेची राहण्यासाठी वाजवी व प्रामाणिक गरज असल्याचे व हुकूमनामा झाल्यास प्रतिवादीस अधिक त्रास होणार नसल्याचे प्रतिवादी मान्य करतात’ हे वाक्य घाला, त्याखाली दोन्ही प्रतिवादींच्या सह्या घ्या, आणि जागा सोडण्यास दिलेली मुदत, त्या काळातली रक्कम आणि मुदत चुकल्यास हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीची दरखास्त चालवण्याचा तुमचा हक्क हे त्यानंतरच्या कलमांत येऊ द्या.